आज खटला कळतो का, आणि त्या दिवशी कृत्य कळत होते का

«माझा धाकटा भाऊ तिशीचा आहे. सात वर्षांपासून त्याला स्किझोफ्रेनियाचं औषध चालू होतं, ते त्यानं मधेच बंद केलं. गेल्या मारबतीच्या दिवशी, शेजारच्या काकांनी आमच्या टाकीत विष टाकलं असं म्हणून त्यानं त्यांच्या डोक्यात लोखंडी सळाख मारली आणि तिथेच ओट्यावर बसून राहिला. काका वाचले. खुनाच्या प्रयत्नाची केस सेशन कोर्टात आहे, भाऊ सेंट्रल जेलमध्ये आहे. वकील म्हणतात, जुने कागद आहेत, वेडाच्या मुद्द्यावर सुटेल, आता कसलाही अर्ज नको, उगाच केस लांबेल. मागच्या तारखेला साहेबांनी नाव-पत्ता विचारला तर त्यानं बरोबर सांगितला. पण मला हळूच म्हणाला की आपला वकील काकांचाच माणूस आहे. मी काय करू?»
— एक बहीण, नागपूर

ताई, भावाने तुमच्या कानात सांगितलेले ते वाक्य तुमच्या वकिलांपर्यंत आणि वकिलांकडून न्यायालयापर्यंत लेखी स्वरूपात पोहोचले पाहिजे. तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. वकील ज्या ‘वेडाच्या मुद्द्या’विषयी बोलत आहेत तो मारबतीच्या दिवसाविषयीचा प्रश्न आहे. भाऊ तुमच्या कानात जे बोलला ते आजच्या दिवसाविषयी आहे. कायद्याने हे दोन प्रश्न वेगळे ठेवले आहेत. त्यांची कलमे वेगळी आहेत, पुरावा वेगळा लागतो आणि परिणामही वेगळे होतात. पहिल्या प्रश्नावर विसंबून दुसरा सोडून दिला, तर पहिलाही हातचा जाण्याची भीती असते.

आधी घटनेच्या दिवसाचा प्रश्न पाहू. भारतीय न्याय संहितेचे कलम २२, म्हणजे जुन्या दंड संहितेचे कलम ८४, असे सांगते की कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळे जो माणूस आपण काय करीत आहोत हे, किंवा ते चुकीचे अथवा कायद्याविरुद्ध आहे हे समजण्यास असमर्थ होता, त्याचे ते कृत्य अपराध ठरत नाही. या कलमातील ‘करतेवेळी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. त्याआधी सात वर्षे आजार होता आणि आजही आहे, एवढ्याने हे कलम लागू होत नाही. सळाख उचलली त्या घटकेला त्याला काय कळत होते, एवढेच न्यायालय पाहते. हा बचाव सिद्ध करण्याची जबाबदारी साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ नुसार आरोपीवर असते. मात्र सरकार पक्षाला आरोप जितका निःसंशय सिद्ध करावा लागतो, तितका भार आरोपीवर नसतो. शक्यतेचे पारडे आपल्या बाजूला झुकले तरी पुरते, आणि आपल्या पुराव्यामुळे आरोपीच्या हेतूविषयीच वाजवी शंका निर्माण झाली तर तिचा फायदाही त्याला मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली दह्याभाई ठक्कर यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केले आणि आजही सत्र न्यायालयांतील युक्तिवाद त्याच निकालापासून सुरू होतो.

आजच्या दिवसाचा प्रश्न कलम २२ मध्ये नाही. तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ आणि ३६८ मध्ये आहे. पहिले कलम दंडाधिकाऱ्यापुढील चौकशीसाठी आहे आणि दुसरे खटल्यासाठी. तुमचे प्रकरण सत्र न्यायालयात असल्यामुळे तुम्हाला दुसरे लागू होईल. त्यातील प्रश्न असा की आरोपी मनोविकल आहे का आणि त्यामुळे तो आपला बचाव करण्यास असमर्थ आहे का. यात दोन भाग आहेत. केवळ आजार असणे पुरेसे नाही, आजारामुळे बचाव अशक्य झालेला असला पाहिजे. अनेक स्किझोफ्रेनियाचे रुग्ण औषधावर स्थिर असतात आणि स्वतःचा खटला व्यवस्थित लढवतात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ यातही म्हटले आहे की केवळ मानसिक आजाराचे निदान झाले म्हणून कोणी मनोविकल ठरत नाही, ते सक्षम न्यायालयाने ठरवावे लागते.

हे दोन प्रश्न इंग्लंडच्या न्यायालयांतही वेगवेगळ्या खटल्यांतून आले, ही गोष्ट मला नेहमी उपयोगी पडते. १८३६ साली प्रिचर्ड नावाचा एक मूकबधिर आरोपी न्यायाधीशांपुढे उभा राहिला, तेव्हा तो खटल्याचे कामकाज समजून स्वतःचा बचाव करू शकतो का, याची कसोटी ठरली. त्यानंतर सात वर्षांनी, १८४३ साली, मॅक्नॉटनच्या खटल्यानंतर कृत्याच्या क्षणी असलेल्या वेडाची कसोटी ठरली. आपले कलम २२ दुसऱ्या कसोटीच्या वळणाचे आहे. प्रिचर्डच्या खटल्यातील प्रश्न मात्र आपल्या प्रक्रियेच्या कायद्यात आला आहे. वकिलांनाही त्याची सवय कमी असते, कारण तो निकालपत्रात क्वचित दिसतो आणि तारखांच्या नोंदींत हरवून जातो.

आता बचाव करणे म्हणजे नेमके काय ते पाहू. दोषारोप ठेवताना न्यायाधीश आरोपीला विचारतात, गुन्हा कबूल आहे का. घाबरलेला किंवा आवाज ऐकू येत असलेला माणूस नुसती मान हलवतो आणि ती मान नोंदली जाते. पुढे साक्षीदार बोलतात तेव्हा ‘हा खोटे बोलतो, त्या वेळी तो घरी नव्हता’ हे वकिलाच्या कानात आरोपीनेच सांगायचे असते. शेवटी कलम ३५१ खाली न्यायाधीश पुराव्यातील एकेक मुद्दा आरोपीपुढे ठेवून खुलासा मागतात आणि तो त्यानेच द्यायचा असतो. या सगळ्यासाठी वकिलावर किमान इतका विश्वास लागतो की हा माणूस माझ्या बाजूचा आहे. तुमच्या भावाचा नेमका हाच धागा तुटला आहे. नाव, वडिलांचे नाव, पत्ता, आजचा वार हे सांगता येणे आणि स्वतःचा बचाव करता येणे यांत फार अंतर आहे. संशयाचा भ्रम असलेला रुग्ण पुष्कळदा नाव-गाव अगदी स्वच्छ सांगतो, त्यामुळे ओळख विचारून घेतलेल्या परीक्षेत तो सहज उत्तीर्ण होतो.

मी स्वतः या दोन प्रश्नांची गल्लत केली होती आणि तिची किंमत माझ्या पक्षकाराने मोजली. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे ट्रकवर क्लीनर म्हणून काम करणारा एक तरुण होता. चुलत्यावर सुरीने वार केल्याचा आरोप होता. तो कोर्टात माझ्याकडे पाठ करून उभा राहायचा. मी जुन्या कायद्याच्या कलम ३२९ खाली अर्ज केला आणि त्याला तीन वर्षांपूर्वीचे उपचाराचे कागद जोडले. अर्ज फेटाळला गेला आणि तो योग्यच फेटाळला गेला. कागद तीन वर्षांपूर्वीचा आजार दाखवत होते आणि न्यायालय विचारत होते की आज काय. चार महिने वाया गेले. त्यानंतर मी जेलच्या मुलाखतीत वही घेऊन बसू लागलो. या खटल्यात न्यायाधीश काय करतात, असे विचारले तर तो म्हणाला, “शिक्षा देतात किंवा सोडतात.” सरकारी वकील कोण, तर म्हणाला, “माझ्याविरुद्ध बोलणारे.” इथपर्यंत सगळे ठीक होते. मग मी विचारले, मी कोण. तो माझ्या खिशातल्या पेनाकडे बोट दाखवून म्हणाला, “तुम्ही यात माझं डोकं वाचता आणि त्यांना पाठवता, म्हणून मी तुमच्याशी खरं बोलत नाही.” हे प्रश्न आणि उत्तरे, तारीख आणि वेळेसह, जशीच्या तशी मी दुसऱ्या अर्जात लिहिली. तपासणीचा आदेश त्याच तारखेला झाला.

तपासणीच्या अहवालातही ठेच लागते, ती आधीच सांगून ठेवतो. रुग्णालयाचा पहिला अहवाल दीड ओळीचा आला: रुग्ण मनोविकाराने ग्रस्त, उपचार सुरू. हे निदान झाले, पण न्यायालयाला हवे ते उत्तर यात नव्हते. डॉक्टरांचा त्यात दोष नव्हता. त्यांना ‘तपासून अहवाल द्या’ एवढेच लिहून गेले होते. म्हणून तुमच्या वकिलांनी अर्जातच विनंती करावी की न्यायालयाने डॉक्टरांना प्रश्न लिहून पाठवावेत: आरोपीला त्याच्यावरील आरोप आणि संभाव्य शिक्षा समजते का, तो आपल्या वकिलाला घटनेची माहिती देऊ शकतो का, देत नसेल तर ते आजारामुळे की जाणूनबुजून, साक्षीदारांचे बोलणे त्याला तासभर ऐकून समजते का, आणि उपचाराने ही क्षमता येण्यास साधारण किती काळ लागेल. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर विशेष हवे, कारण खटला जितका काळ पुढे ढकलायचा तो मानसोपचारतज्ज्ञाच्या मतानुसार ठरतो. आरोपीला तज्ज्ञांचे मत मान्य नसेल तर त्यावर वैद्यकीय मंडळापुढे दाद मागता येते. जवळच्या शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाचे प्रमुख आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील मानसोपचाराचे अध्यापक त्या मंडळात असतात. नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय आणि मेडिकल कॉलेज दोन्ही असल्यामुळे तुम्हाला यासाठी जिल्ह्याबाहेर धावावे लागणार नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या कुटुंबांची अवस्था वेगळी असते.

या टप्प्यावर अनेक वकील जे विसरतात ते आता सांगतो. आरोपी बचावास असमर्थ आहे असा निष्कर्ष काढल्यावर न्यायालयाने लगेच खटला गुंडाळून ठेवायचा नसतो. आधी आरोपीला काहीही न विचारता, त्याच्या वकिलाचे ऐकून, सरकार पक्षाचे कागद तपासायचे आणि प्रथमदर्शनी खटला उभा राहतो का ते ठरवायचे असते. उभा राहत नसेल तर त्याला आरोपातून मुक्त करावे लागते. पुराव्यात दम नसलेल्या आरोपासाठी एखादा रुग्ण वर्षानुवर्षे अडकू नये, हा यामागचा हेतू आहे. तुमच्या प्रकरणात जखमी काका, सळाख आणि ओट्यावर बसलेला भाऊ आहेत, त्यामुळे हा टप्पा तुम्हाला उपयोगी पडेल असे मला वाटत नाही. तरी वकिलांनी आरोपाच्या कलमावर बोलायला हरकत नाही. वार किती होते, जखम कुठे होती, त्यावरून हा खुनाचा प्रयत्न की घातक हत्याराने गंभीर दुखापत, हा मुद्दा इथेही काढता येतो.

त्यानंतर खटला थांबतो. संपत नाही. तुमच्या वकिलांची ‘केस लांबेल’ ही भीती खरी आहे आणि मी ती हलकी मानत नाही. आसाममधील मचांग लालुंग यांना १९५१ साली अटक झाली. त्यांना मनोरुग्णालयात पाठवले गेले आणि १९६७ मध्ये ते बरे असल्याचे लिहूनही दिले गेले. पण बाहेर यायला २००५ साल उजाडले. एकूण चौपन्न वर्षे, आणि त्यात एकदाही खटला चालला नाही. त्यांचा बळी त्या कलमाने घेतला असे मी म्हणणार नाही. रुग्णालयाचे पत्र, जेलची नोंद आणि न्यायालयाची तारीख या तिघांना बांधून ठेवणारा कोणी माणूस तिथे नव्हता. तुमच्या भावाला तुम्ही आहात, म्हणून ही बाजू तुम्ही सांभाळायची आहे.

ती कशी, हे माझ्या त्या पक्षकाराच्या पुढच्या हकिकतीतून कळेल. पाच महिन्यांच्या उपचारानंतर तो बरा झाला. मला ओळखू लागला आणि चुलत्याशी झालेल्या भांडणाविषयी सरळ बोलू लागला. रुग्णालयाने ‘बचाव करण्यास सक्षम’ असे प्रमाणपत्र दिले आणि त्याला जेलमध्ये परत पाठवले. तारीख सात आठवड्यांनंतरची होती. औषधाची यादी त्याच्याबरोबर गेली नाही आणि सुमारे तीन आठवडे त्याला औषध मिळाले नाही. तारखेला तो पुन्हा पाठ करून उभा राहिला. प्रमाणपत्रावर सक्षम, समोर असमर्थ. पुन्हा रुग्णालय, पुन्हा चार महिने. दुसऱ्या वेळी आम्ही आधीच अर्ज करून दोन गोष्टी मागून घेतल्या. प्रमाणपत्र आल्यापासून पंधरा दिवसांच्या आत तारीख लागावी, आणि औषधाच्या मात्रेची यादी जेलच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे न्यायालयाच्या पत्रासोबत जावी. मग खटला चालला. खटल्याच्या दरम्यान पुन्हा बिघडला असता तर पुन्हा थांबवता आला असता, कारण ही क्षमता एकदा ठरली की कायमची ठरली असे होत नाही.

त्या खटल्याचा निकालही सांगतो, कारण दोन प्रश्न खरोखर किती वेगळे आहेत ते तिथे दिसते. कलम ८४ चा बचाव न्यायालयाने नाकारला. वार केल्यावर त्याने सुरी नाल्यात टाकली होती आणि विचारणाऱ्या पहिल्या माणसाला सांगितले होते की चुलता गाडीवरून पडला. लपवणाऱ्याला आपण चुकीचे केले हे कळते, हा तर्क मला मोडता आला नाही. एकाच तरुणाला दोनदा खटल्यासाठी असमर्थ ठरवले गेले आणि कृत्याच्या वेळी मात्र तो जाणता होता असे ठरले. यात विसंगती नाही. अटकेनंतर, औषधाशिवाय, कोठडीतल्या महिन्यांत आजार वाढला होता.

तुमच्या भावाचे चित्र याच्या उलट असण्याची शक्यता मला दिसते. तो पळाला नाही, सळाख लपवली नाही, आणि विषाविषयीचा त्याचा समज त्या वेळी त्याने उघड बोलून दाखवला. ही वागणूक कलम २२ च्या बाजूने बोलते. तरी एक अडचण आहे. सळाख मारल्याने डोके फुटते हे त्याला कळत असणारच, त्यामुळे सरकारी वकील कृत्याचे स्वरूप समजण्यावर जोर देतील. आपला भर दुसऱ्या अर्ध्यावर हवा, की हे चुकीचे आहे हे समजण्याची क्षमता त्या भ्रमामुळे उरली नव्हती. त्याने स्वतःला किंवा घरच्यांना वाचवत आहोत असे मानून वार केला का, हे तपशिलात यायला हवे. आणि तो तपशील भावाच्या तोंडूनच वकिलाला मिळणार आहे. आज तो वकिलाला शत्रू समजतो. म्हणून मी म्हणतो की कलम ३६८ चा अर्ज न करणे म्हणजे कलम २२ चा बचावही अर्धवट लढणे होय. शिवाय अशा अवस्थेत खटला चालून निकाल लागला, तर तो वरच्या न्यायालयात टिकणे कठीण असते आणि साक्षी पुन्हा घेण्याची वेळ येऊ शकते. तेव्हा लांबते ते खरे लांबते.

‘वेडाच्या मुद्द्यावर सुटेल’ या वाक्यातही एक भाग सांगायचा राहून गेला आहे. या मुद्द्यावर निर्दोष ठरवताना न्यायालयाला निकालात स्पष्ट लिहावे लागते की कृत्य आरोपीने केले किंवा केले नाही. केले असेल तर कलम ३७४ नुसार त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवण्याचा, किंवा पुरेशी हमी घेऊन नातेवाइकाकडे सोपवण्याचा आदेश होतो. त्या संध्याकाळी तो नेहमीच्या सुटलेल्या आरोपीसारखा घरी येईलच असे नाही.

घरी येण्याचा मार्ग कदाचित त्याआधीच उघडतो. न्यायालयाने त्याला बचावास असमर्थ ठरवले की कलम ३६९ खाली जामिनाचा विचार होतो आणि तो आरोप जामीनपात्र आहे की नाही यावर अवलंबून नसतो. अट अशी की त्याला भरती ठेवून उपचार देण्याची गरज नसावी, आणि एखाद्या नातेवाइकाने किंवा मित्राने हमी द्यावी की नियमित बाह्यरुग्ण उपचार करवून घेईन आणि तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणार नाही याची काळजी घेईन. ही हमी तुम्ही देऊ शकता, पण घाईने देऊ नका. काका शेजारीच राहतात. भावाला त्याच घरात परत आणणार असाल तर न्यायालय आणि काका दोघेही बिथरतील. मावशीकडे किंवा दुसऱ्या वस्तीत राहण्याची सोय, रोज समोर बसवून औषध देणाऱ्या माणसाचे नाव, ओपीडीचा वार, एवढे ठरवून मगच हमीपत्र लिहा. भरतीची गरज असेल तर उपचार मिळतील अशा ठिकाणी ठेवण्याचा आदेश होईल. आपल्याकडे मनोरुग्णालयाच्या नावाने चौक ओळखला जातो आणि लोक त्या नावाने घाबरवतात. तुम्ही घाबरू नका, आजच्या घडीला जेलच्या बराकीपेक्षा तो तिथे बरा राहील.

पुढच्या तारखेपूर्वी भावाची मुलाखत घ्या, तो वकिलांविषयी जे बोलतो ते त्याच शब्दांत, तारीख घालून लिहा आणि तो कागद वकिलांना द्या. त्यांनी तरीही अर्ज करण्यास नकार दिला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन दुसरे मत घ्या. त्याच आठवड्यात मारबतीच्या दिवसाचा पुरावाही गोळा करायला लागा, कारण तो रोज विरतो आहे. अटकेनंतरच्या पहिल्या वैद्यकीय तपासणीचा कागद, ओट्यावर बसलेल्या भावाशी सर्वांत आधी बोललेला माणूस, टाकीतले पाणी त्याने कधीपासून पिणे सोडले होते हे पाहिलेली शेजारीण, आणि औषधाच्या दुकानाची बिले हवीत. ज्या महिन्यापासून बिले नाहीत तो महिनाही दुकानदाराकडून लिहून घ्या, औषध कधी तुटले हे तिथूनच दिसेल.